रूममध्ये ठेवलेलं नाव रूमबाहेर गेलं. आता काय करू?

लांज्याचा_फणस

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ आम्ही चौघं फ्लॅट घेऊन राहतो. चौघंही एकाच कॉलेजचे, शेवटच्या वर्षाला. मी लांज्याचा, ओंकार कोल्हापूरकडचा, सुजित मालवणचा आणि नितीन दापोली तालुक्यातल्या एका बंदरावरचा. नावं अर्थातच बदलली आहेत. नितीनच्या वडिलांची छोटी होडी आहे. आई मासळी सुकवून आठवडी बाजारात विकते.

गेल्या ऑगस्टमध्ये नितीन घरून येताना सुकटीची पिशवी घेऊन आला. एसटीत वरून पाणी गळत होतं, पिशवी दप्तरातच भिजली, आणि पुढचे दोन दिवस त्याच्या वह्यांनासुद्धा वास येत होता. तेव्हा मी त्याला 'सुकट' म्हणालो. तो पोट धरून हसला. त्याच रात्री त्याने भरपूर कांदा घालून ती सुकट परतली आणि आम्ही चौघांनी भाकरीबरोबर तव्यासकट संपवली. तेव्हापासून ते नाव पडलं. तो मला 'बरका' म्हणायचा, कारण मी लांज्याचा आणि सकाळी अंथरुणातून गळून पडल्यासारखा उठतो. फिट्टंफाट होती.

पुढचं मात्र माझ्यामुळे झालं. डिसेंबरमध्ये मैदानावर सगळ्या वर्गासमोर मी त्याला त्या नावाने हाक मारली. नंतर ओंकारने त्याच्या झोपेतल्या फोटोचं स्टिकर केलं, खाली तेच नाव टाकलं, आणि ते वर्गाच्या ग्रुपवर गेलं.

1 जूनला मासेमारी बंदी लागली, होडी वर ओढून ठेवली, म्हणून नितीनचे वडील त्याला भेटायला आले. सोडे, सुकट, आगळाची बाटली असं बरंच काही घेऊन आले होते. बिल्डिंगखाली वर्गातला एक मुलगा गाडीवरून ओरडला, "ए सुकट, पार्सल आलं बघ तुझं!" नितीनची त्या मुलाशी धड ओळखही नाही. काकांनी ऐकलं. हसले. वर येऊन पाणी प्यायले आणि पिशवी सुजितच्या हातात दिली. नितीन शेजारीच उभा होता, त्याच्याकडे दिली नाही.

त्यानंतर नितीन रात्री खानावळीत जेवतो. घरून काही आणत नाही. मी दोनदा विचारलं, "राग आला का?" दोन्ही वेळा तेच उत्तर, "काही नाही रे, मस्करी कळते मला."

मला हे नीट करायचं आहे. कसं बोलू? आणि रूममध्ये पुढे काय ठरवावं?

देवबागचो

अरे भावा, मी समजू शकतो. भाषेचो घोळ असता हो. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा रूमवर लातूरचा एक मुलगा होता. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, "मेल्या, जेवूक चल." तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या घरी नुकतंच कोणीतरी गेलं होतं आणि त्याला वाटलं मी मरणाचा शाप दिला. आमच्याकडे आवशीच्या तोंडातही दिवसातून वीस वेळा 'मेल्या' असतं, त्यात मायाच असते. मी त्याला समजावलं, आईला फोन लावून ऐकवलं, तेव्हा त्याची खात्री पटली. तू पण नितीनला समजाव की शब्दामागे माया होती.

लांज्याचा_फणस

दादा, इथे भाषेचा प्रश्न नाही. सुकट म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शब्द कळला नाही म्हणून तो दुखावला नाहीये.

देवबागचो

बरोबर, माझं वाचायला चुकलं. तरी एक सांगतो. त्या लातूरच्या मुलाला अर्थ पटला, पण पुढे वर्षभर मी त्याला 'मेल्या' म्हटलं नाही. अर्थ पटला म्हणून कानाला गोड लागेलच असं नाही.

कायद्याचं_बोला

सरळ रॅगिंगची केस आहे ही. पण तुमच्या बाबतीत लागू होणार नाही. रॅगिंग म्हणजे सीनियरने ज्युनियरला त्रास देणं, तुम्ही एकाच वर्षाचे आहात. शिवाय फ्लॅट खाजगी, म्हणजे कॉलेजचा संबंध नाही. त्यामुळे घाबरू नका.

वसतिगृहातली_ताई

मी मुलींच्या वसतिगृहावर 14 वर्षं रेक्टर होते, त्यातली 9 दापोलीत. आधी वरचा प्रतिसाद दुरुस्त करते, कारण हा गैरसमज मी पालकांकडूनही फार ऐकला आहे.

यूजीसीचे 2009 चे नियम कॉलेजच्या आवाराबाहेरच्या राहण्याच्या जागांनाही धरून आहेत. 2016 मध्ये त्यांत भर घातली गेली. रंग, जात, दिसणं, गाव, भाषा, घरची परिस्थिती यांवरून केलेला मानसिक त्रास त्यात आला, आणि तो नव्या विद्यार्थ्याला दिलेला असो की जुन्या, दोन्ही धरले. महाराष्ट्राचा 1999 चा कायदाही संस्थेच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्ही धरतो. तक्रार आली की संस्थाप्रमुखाला 7 दिवसांत चौकशी करावी लागते. हेल्पलाइन 1800-180-5522. नितीनला कधी ती हवीशी वाटली तर तो त्याचा निर्णय. त्याच्या वतीने तुम्ही घ्यायचा नाही, आणि "तक्रार तर करणार नाहीस ना?" असं विचारायचंही नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, फणस. "राग आला का?" हा प्रश्न बंद कर. रूममध्ये राहणाऱ्या मुलाकडे त्याचं एकच उत्तर असतं. 'हो' म्हटलं तर तो चिडका ठरतो, आणि चिडक्या मुलाला आणखी चिडवतात हे त्याने शाळेपासून पाहिलेलं असतं. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असतं, तू फक्त ते ऐकून घेतलंस.

हसण्यावरही जाऊ नकोस. मी नवीन होते तेव्हा हसण्यावरूनच ठरवायचे आणि फसायचे. पुढे तीन गोष्टी बघायला लागले. चिडवलेली मुलगी उलट चिडवते का? तू लिहिलंस की तो तुला बरका म्हणायचा. शेवटचं कधी म्हणाला, आठव. दुसरं म्हणजे तिचा दिनक्रम बदलला का. जेवणाची वेळ, आंघोळीची वेळ, कोणाबरोबर खाली उतरते. तुमच्याकडे हा बदल खानावळीच्या रूपात समोरच आहे. तिसरी खूण ओळखायला सगळ्यात अवघड. ती ते नाव स्वतःच आधी घेते का? नवीन माणसासमोर "मला सुकट म्हणतात" असं तो हसत सांगत असेल, तर त्याला ते आवडतं असं समजू नकोस. दुसऱ्याने म्हणण्याआधी आपणच म्हटलं की कमी लागतं, एवढाच हिशोब असतो त्यात.

लांज्याचा_फणस

ताई, बरका मी शेवटचं संक्रांतीच्या आसपास ऐकलं. तुम्ही लिहिलंत म्हणून आठवलं. आणि एप्रिलमध्ये प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये नवीन मुलींशी ओळख करून देताना तो स्वतःच ते नाव म्हणाला होता. तेव्हा मला वाटलं, मजेत आहे.

बंदरावरची

मी हे दोनदा लिहून खोडलं. आता लिहितेच.

आमच्या घरी तेच काम आहे. आई पहाटे मिरकरवाड्याला जाते, मासळी घेते, सुकवते. जवळा वाळत घातला की सारखं आभाळाकडे बघायचं. एक सर चुकून आली तर सगळा माल कुजतो. सुकट म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी. बंदीचे दोन महिने होडी वर असते तेव्हा घर त्यावर चालतं.

मी अकरावीत असताना बसमध्ये माझ्या आईच्या पाटीकडे बघून बायका पदर नाकाला लावायच्या. त्याच बायका बाजारात तिच्याकडून घासाघीस करून सुकट घ्यायच्या. खाताना ते चवीचं, आणि आम्हाला हाक मारायची झाली की तेच वासाचं.

नितीनला तुमच्या घरात ते नाव चाललं असेल, कारण तुम्ही ते त्याच तव्यातून खाल्लं होतं. ज्या मुलाने गाडीवरून हाक मारली त्याने कधी नितीनच्या घरचं खाल्लं आहे का? त्याला फक्त वास माहीत आहे. आणि ते काकांनी ऐकलं. ज्या कामावर पोराची फी भरतो, त्याच कामाचं नाव पोराला चिडवायला वापरतात, हे बापाला कळलं. पिशवी त्यांनी सुजितकडे का दिली ते मला लगेच कळलं. पोराच्या हातात ती दिसू नये म्हणून.

लांज्याचा_फणस

ताई, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कट्टेकरी_राजापूर

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. प्रत्येक शब्द मोजून बोलायचा तर एकत्र राहण्यात काय उरतं? आपण कोकणातली माणसं, शिमग्यात एकमेकांच्या नावाने फाका घालत मोठे झालो. माझ्या हॉस्टेलवर एका नावावरून वाद झाला, रेक्टरने सगळ्यांना झापलं. नाव माझंच होतं, तक्रारही माझीच. त्यानंतर मुलं माझ्याशी अगदी सभ्य वागायला लागली. "कृपया", "चालेल ना तुला?" असं. मी खोलीत शिरलो की चालू गप्पा थांबायच्या. ते सहा महिने मला त्या नावापेक्षा जड गेले. म्हणून म्हणतो, नियमबियम करू नका. सहज राहा, आपोआप सुरळीत होईल.

वसतिगृहातली_ताई

राजापूरकर, तुमच्या अनुभवातलं मला पटतं, निष्कर्ष पटत नाही. चिडवणं एकदम थांबवणं ही पण शिक्षाच असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मुलीला ते एक नाव नको असतं आणि तिला मिळते अख्ख्या खोलीची शांतता. पण आपोआप सुरळीत होत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत वर्ष संपवतात.

आणि शिमग्याचं म्हणाल तर तिथे दिवस ठरलेले असतात, जागा ठरलेली असते, आणि फाका सगळ्यांच्याच नावाने पडतात, मानकऱ्यांच्यासुद्धा. शिमगा गेला तरी कवित्व राहतं असं आपल्याकडे म्हणतात, ते त्या उरलेल्या कवित्वाने घरं बिघडलेली बघूनच म्हणत असावेत. नितीनच्या बाबतीत होळी कधीच विझली, हे नाव अजून फिरतंय.

चिपळूणच्या_पाचजणी

आम्ही पाच मुली चिपळूणला फ्लॅटमध्ये राहायचो. आमच्याकडे ठरवाठरवी झाली होती, कशी झाली आणि कुठे फसली ते सांगते.

आमच्यातली एक बाजारपेठेतली. 22 जुलै 2021 च्या पुरात तिच्या घरात माडीपर्यंत पाणी होतं, ती आणि तिची आजी रात्रभर वर अडकल्या होत्या. फ्लॅटवर आली तेव्हा जोराचा पाऊस लागला की ती रात्री उठून खिडकीतून खाली रस्ता बघायची. आम्हाला कारण माहीत नव्हतं. आम्ही तिला 'हवामान खातं' म्हणायला लागलो. महिनाभर ती हसली. एका रात्री कोणीतरी मुद्दाम ओरडलं, "पाणी चढलं, पाणी चढलं!" ती खरंच चपला न घालता जिन्यावरून गच्चीवर पळाली. तिथे बसून थरथरत होती. तेव्हा आम्हाला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की प्रत्येकीने चिठ्ठीवर एक विषय लिहायचा, ज्यावर चिडवायचं नाही. नाव लिहायचं नाही. फुकट गेलं. पाचजणींत अक्षर ओळखू येतं आणि विषयही ओळखू येतो. उलट चिठ्ठी वाचून एकीला दुसरीची अशी गोष्ट कळली जी आधी माहीतच नव्हती.

मग आम्ही विषयांची यादी सोडून दिली आणि थांबवायचा शब्द ठरवला. 'बास' ठेवून पाहिला. चालला नाही, कारण हसता हसता आपण 'बास, बास' म्हणतोच, आणि समोरची आणखी चेकाळते. असा शब्द हवा होता जो चिडवाचिडवीत एरवी येत नाही. शेवटी 'गॅस बंद कर' ठरला. कोणी तसं म्हटलं की विषय तिथे बंद. आणि त्या रात्री "का? काय लागलं?" असं विचारायचं नाही. हे दुसरं आम्ही पंधरा दिवसांनी जोडलं, कारण पहिल्यांदा जिने तो शब्द वापरला तिच्याभोवती चौघी जमून अर्धा तास विचारत बसलो होतो. त्यापेक्षा चिडवलेलं परवडलं असं ती म्हणाली.

फसलं कुठे, तर एकजण भांडी घासायची पाळी आली की 'गॅस बंद कर' म्हणायला लागली. मग आठवडाभर त्या शब्दाला किंमतच राहिली नाही. तिच्याशी बोलून ते थांबवलं. शेवटपर्यंत तो शब्द खरा असा फार तर सात-आठ वेळा वापरला गेला असेल. पण शब्द आहे म्हटल्यावर बाकीच्या वेळी आम्ही मोकळेपणी चिडवायचो.

कट्टेकरी_राजापूर

हे मला जमण्यासारखं वाटतं. माझ्या वेळी असं काही असतं तर मी रेक्टरकडे गेलो नसतो. पण एक शंका. नितीनचं नाव वर्गात गेलंय. रूममधला शब्द वर्गात कसा चालणार?

वसतिगृहातली_ताई

नाही चालणार. म्हणून फणसला दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकत्र करू नयेत.

आधी नितीनशी बोल. एकट्याने. चौघं गोल करून माफी मागायला बसलात तर तो माफ करेलच, तीन माणसं समोर बसल्यावर दुसरं करणार काय? समोरासमोर बसण्यापेक्षा चालता चालता बोल, भाट्याच्या किनाऱ्यावर जा. "वाईट वाटलं असेल तर सॉरी" म्हणू नकोस, त्यात वाईट वाटल्याचं ओझं त्याच्यावरच राहतं. काय केलंस ते सांग. मैदानावर हाक मी मारली, त्यामुळे ते पसरलं, काकांनी ऐकलं. आणि पुढे तू काय करणार ते सांग. मग गप्प राहा. त्याने लगेच बोलावं असं नाही.

मग वर्ग. तिथे भाषण नको. कोणी ते नाव घेतलं की तू त्याचं खरं नाव घेऊन वाक्य पुढे न्यायचं. "सुकट आला का?" "नितीन? आला, लायब्ररीत आहे." पुन्हा पुन्हा. हे नाव ज्याने आत आणलं त्यानेच बाहेर काढलं तर लवकर निघतं. नितीनने स्वतः अडवलं तर तो पुन्हा चिडका ठरतो. स्टिकरचं मात्र लक्षात घे, ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट केलं तरी ज्यांनी ते स्वतःकडे सेव्ह केलंय त्यांच्याकडे राहतं. एकेकाला सांगून काढावं लागेल, आणि सगळ्यांकडून जाईलच याची खात्री नाही.

लांज्याचा_फणस

आठ दिवसांनी लिहितोय.

रविवारी आम्ही भाट्याला गेलो. पाऊस थांबला होता, समुद्र गढूळ होता. मी ताईंनी सांगितलं तसं, काय केलं तेवढंच सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. खाडीच्या पुलापाशी परत आल्यावर म्हणाला, "तू पहिल्यांदा म्हणालास ना, तेव्हा मला आवडलं होतं. घरच्यासारखं वाटलं होतं. मैदानावर म्हणालास तेव्हा नाही." मग म्हणाला, "पप्पांनी नंतर फोनवर विचारलं, 'पुढच्या वेळी वास येणार नाही असं काही आणू का?'"

यावर मला काही बोलता आलं नाही.

रूमवर आम्ही थांबवायचा शब्द ठरवला आहे. नितीननेच सुचवला, 'बावटा'. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी बाहेर काढत नाहीत. सुजितला तो लगेच आवडला. ओंकार मात्र म्हणतो की हे सगळं जास्त होतंय, स्टिकर त्याने गमतीत केलं होतं. त्याने ते ग्रुपवरून काढलं, पण माझ्या आग्रहामुळे काढलं, त्याला पटलेलं नाही. ओंकार आणि नितीनचं बोलणं अजून तुटकच आहे.

वर्गात मी खरं नाव घेणं चालू ठेवलंय. दोन-तीन जण अजून जुनंच म्हणतात. आठवड्यात दोन रात्री नितीन रूमवर जेवला. बाकी खानावळच. काल मला उठवताना मात्र म्हणाला, "ऊठ रे बरक्या."

एक विचारायचं राहिलं. नारळी पौर्णिमेच्या आधी काका परत येणार आहेत. त्यांची माफी मागू का?

बंदरावरची

मी असते तर मागितली नसती. माफी मागितलीस की त्यांना ते सगळं परत ऐकावं लागेल, आणि पोराच्या मित्रासमोर "काही नाही रे बाळा" म्हणत हसावं लागेल. आपल्या माणसांना तेवढंच जमतं. काका आले की खाली जाऊन पिशवी तू घे, सगळ्यांना दिसेल अशी, आणि त्यांना सांग की सुकट संपली आहे.

वसतिगृहातली_ताई

माझं मत थोडं वेगळं आहे, काकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं असं मला वाटतं. पण ते आधी नितीनला विचार. वडील त्याचे आहेत.

लांज्याचा_फणस

विचारलं. "बघू, आल्यावर ठरवू," म्हणाला. आणि पिशवी घ्यायला आपण दोघं खाली जाऊ, म्हणाला.